टेलपासून हेडकडे: एका मायनरवरच्या रब्बी आवर्तनाची हकीकत

आमची मायनर, म्हणजे मोठ्या कालव्यातून निघणारी छोटी चारी, 4.2 किलोमीटर लांब, मातीची, अस्तरीकरण नसलेली. तिच्यावर शेतांकडे पाणी सोडणारे दहा आउटलेट आहेत. कागदावर लाभक्षेत्र सगळ्यांना सारखंच लागू आहे, पण गेली कित्येक वर्षं 8, 9 आणि 10 नंबरच्या आउटलेटखालचं रान रब्बीत कोरडं राहायचं. हेडच्या, म्हणजे तोंडाकडच्या चार आउटलेटांना तीन-तीन पाणी मिळायचं आणि टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आवर्तन सुटल्याची बातमी तेवढी पोचायची. या रब्बीत पाणी वापर संस्थेने टेलपासून हेडकडे शेजपाळी, म्हणजे एकामागून एक ठरलेल्या पाळ्या, लावली आणि ती पार पाडली. ते करताना काय काय करावं लागलं, कुठे फसलं, किती खर्च आला, ते तारखांसह लिहीत आहोत. नगर-नाशिककडच्या मातीच्या मायनरवर ज्यांना हे करायचं आहे त्यांना आकडे स्वतःचे घालावे लागतील, पण पायऱ्या याच राहतील.

आधी कल्पना कुठली ते सांगायला हवं. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर पहिल्या पाणी वापर संस्था 1990-91 च्या सुमाराला उभ्या राहिल्या, त्या ओझरच्या, म्हणजे कालव्याच्या टेलच्या. ज्यांना पाणी मिळत नव्हतं त्यांनीच आधी संघटना केली, पाणी मोजून घेतलं आणि पुढे अख्ख्या प्रकल्पावर संस्था झाल्या. महाराष्ट्रात 2005 साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन हा कायदा आला. त्या कायद्याखालच्या संस्थेला जलसंपदा खात्याकडून पाणी मायनरच्या तोंडाशी, घनमापनाने मोजून मिळतं. आत कुणाला किती आणि कधी द्यायचं हे संस्था ठरवते. आमची संस्थाही त्याच कायद्याखालची. अधिकार होता, पण तो वापरलेला नव्हता.

सप्टेंबरची पायी पाहणी

22 सप्टेंबरला हेडपासून टेलपर्यंत चालत गेलो. सोबत शाखा कार्यालयाचे कालवा निरीक्षक होते. ही संयुक्त पाहणी खात्याच्या माणसाशिवाय करू नये. नंतर गळतीचा वाद निघाला की दोघांच्या सह्यांची एक यादी हाताशी लागते. वहीत प्रत्येक आउटलेटचा पाइप किती इंची, दार आहे की नाही, दाराची पट्टी सरळ बसते का, आजूबाजूला उंदीर-खेकड्यांची भगदाडं किती, काठ कुठे खचलाय, एवढंच लिहिलं. दहापैकी चार दारं जागेवर नव्हती. तिथे वर्षानुवर्षं गोणपाट आणि चिखल लावून काम चाललं होतं.

गाळ काढायला जेसीबी 14 तास लागला, ताशी 1,200 प्रमाणे 16,800 रुपये. बांध, झुडपं, पाणकणीस काढायला 24 मजूर, 500 रुपयांनी 12,000. दारांना साखळ्या आणि कुलपं, दहा आउटलेटांचे मिळून 3,500. चार नवी दारं खात्याकडून मिळायची होती. त्यासाठी पत्र दिल्यापासून पाच आठवडे गेले आणि ती आवर्तनाच्या जेमतेम आठवडाभर आधी बसली. दारांचं पत्र ऑगस्टमध्येच देऊन ठेवावं, हे या पाहणीने शिकवलं.

जेसीबीवाल्याला एक गोष्ट ठासून सांगावी लागते. तळ सारखा उतरता ठेवायचा, खड्डे पाडायचे नाहीत. तळात खोल ओरबाडलं की तिथे पाणी साचतं, जिरतं आणि खालच्या माणसाच्या वाट्याला येत नाही. आमच्याकडे 6 नंबरजवळ असा एक खड्डा झाला आणि तो पुन्हा माती टाकून, ठोकून भरावा लागला.

हिशोब: एक क्युसेक, एक तास, एक इंच

सिंचन वर्षात रब्बी 15 ऑक्टोबरला सुरू होते. धरणात तेव्हा किती पाणी आहे यावर कालवा सल्लागार समितीत आवर्तनं ठरतात. मग खात्याचं जाहीर प्रकटन निघतं. जिथे संस्था नाही तिथे शेतकरी नमुना नंबर 7 वर अर्ज करतात. आमच्याकडे सभासदांनी मागणी संस्थेकडे दिली. मुदत 30 ऑक्टोबर होती. थकबाकी भरल्याशिवाय अर्ज घेतला नाही. त्यावर बोलणी ऐकावी लागली, पण यातून पहिल्यांदाच खरं क्षेत्र समोर आलं: 240 एकर. त्यात टेलचे (8, 9, 10) 72 एकर, मधले (5, 6, 7) 78 आणि हेडचे (1 ते 4) 90.

आता वेळ काढायची. ज्याला क्युसेक म्हटलं की बिचकायला होतं त्याने एवढंच लक्षात ठेवावं: एक क्युसेक पाणी एक तास सोडलं की एका एकरावर साधारण एक इंच पाणी चढतं. गव्हा-हरभऱ्याच्या एका भरण्याला तीन इंच धरले तर एकराला तीन तास. आउटलेटपासून शेतापर्यंतच्या पोटचारीत जिरणारं पाणी धरून आम्ही एकरी साडेतीन तास ठरवले. आउटलेट एक क्युसेकचा आहे, म्हणजे 240 एकरांना 840 आउटलेट-तास.

मायनरला तोंडाशी 5 क्युसेक मिळतं. पण पाणी खाली जाता जाता मुरतं. ऑक्टोबरात खात्याने दोन दिवस चाचणी पाणी सोडलं तेव्हा सगळे आउटलेट बंद करून मोजलं. 8 नंबरच्या वर, साडेतीन किलोमीटरवर, 3.5 क्युसेक उरत होतं. म्हणजे किलोमीटरमागे सव्वाचार दशांशाच्या आसपास गळती. टेलला एका वेळी तीनच आउटलेट चालू शकतात आणि उरलेला अर्धा क्युसेक शेवटच्या सातशे मीटरच्या गळतीला व चढउताराला लागतो. मधल्या आणि हेडच्या भागात चार-चार चालतात.

म्हणून टेलचे 252 तास भागिले तीन, म्हणजे 84 तास. बाकीचे 588 तास भागिले चार, म्हणजे 147. एकूण 231 तास. त्यात मायनर भरायला लागणारे दहा तास मिळवले की दहा दिवस. खात्याकडे मागणी अकरा दिवसांची नोंदवली. घनमापात ते सुमारे 134.6 सहस्र घनमीटर होतं आणि आमच्या रब्बीच्या कोट्यात बसत होतं. हा जो एक दिवस जादा घेतला, त्याच्यामुळेच पुढे सगळं तरलं.

टेलपासून सुरुवात करण्यामागे न्यायाइतकंच पाण्याचं गणितही आहे. हेडपासून खाली सरकत गेलं तर दर टप्प्याला चारीचा पुढचा कोरडा भाग नव्याने भरावा लागतो, आणि टेलचं पाणी सुरू होतं तेव्हा आवर्तन संपत आलेलं असतं. टेलपासून वर गेलं तर चारी एकदाच भरते. नंतर वरचं दार उघडताना तिथे पाणी आधीच वाहत असतं. शेवटी तोंडाचं दार बंद केलं तरी चारीत उभं राहिलेलं पाणी उताराने पुन्हा टेललाच जातं. आमचे हेडचे शेतकरी या मुद्द्यावर वळले. "आमचं पाणी मागे जातंय" अशी त्यांची तक्रार होती. त्यांना कागदावर दाखवलं की त्यांचे तास कमी होत नाहीत, तारीख तेवढी पुढे जाते, आणि ती तारीख लेखी मिळते.

मायनर भरण्याचे दहा तास कुणाच्या खात्यात टाकायचे, हा प्रश्न सभेत दीड तास चालला. टेलपासून सुरुवात केली तर ते पहिल्या पाळीदाराच्या, म्हणजे अगदी शेवटच्या माणसाच्या अंगावर पडतात आणि आपण ज्याच्यासाठी हे करतोय तोच मरतो. पंजाब-हरियाणाच्या वारबंदीत, म्हणजे तिकडच्या ठरलेल्या पाळ्यांच्या पद्धतीत, चारी भरायचा वेळ पाळीदाराला जादा मोजून देतात. आम्ही तो सामाईक धरला. घड्याळ तेव्हाच सुरू करायचं, जेव्हा 10 नंबरच्या आउटलेटला एक क्युसेक स्थिर लागतं.

पाळीपत्रक

12 नोव्हेंबरला प्रत्येक आउटलेटचं पाळीपत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि त्या त्या आउटलेटच्या दगडावर पत्र्याच्या पाटीवर लावलं. त्यात दिवस लिहायचाच, पण वेळ मिनिटांसह लिहायची. "सोमवारी सकाळी" असं लिहिलं की भांडण ठरलेलं.

10 नंबरचं उदाहरण घ्या. तिथे वीस एकर, सहा खातेदार, 70 तास. पोटचारीतही शेवटच्या शेतापासूनच सुरुवात. सगळ्यात शेवटचं खातं एका मावशींचं, 4 एकर, 14 तास: 20 नोव्हेंबर दुपारी 4 ते 21 ला सकाळी 6. त्यांच्या वरचे अडीच एकर, पावणेनऊ तास: सकाळी 6 ते दुपारी 2:45. मग 5 एकर, साडेसतरा तास: 22 तारखेच्या सकाळी 8:15 पर्यंत. दीड एकर, सव्वापाच तास: दुपारी 1:30 पर्यंत. 3 एकर, साडेदहा तास: रात्री 12 पर्यंत. शेवटचे 4 एकर: 23 ला दुपारी 2 वाजता संपायचं. 9 आणि 8 ची पत्रकं याच्या शेजारी चालतात. त्यांचं क्षेत्र 28 आणि 24 एकर, म्हणजे 98 आणि 84 तास. 10 चं आधी संपतं, म्हणून तिथलं दार बंद केलं की लगेच 7 उघडायचं. एकाचं संपलं की वरच्याचं, अशी साखळी.

पीक कुठलंही असो, तास क्षेत्रावरच दिले. ज्यांचा ऊस उभा होता त्यांचं म्हणणं उसाला जास्त लागतं. ते खरं आहे, पण पिकाप्रमाणे तास दिले की पुढच्या वर्षी सगळे ऊस दाखवतील आणि टेल पुन्हा कोरडं. ज्यांना जादा हवं त्यांनी विहिरीतून घ्यावं, असं ठरलं. कालव्याचं मुरलेलं पाणी विहिरीत उतरतंच, आणि हेडच्या विहिरींना ते जास्त मिळतं.

20 नोव्हेंबर: पाणी सुटलं

सकाळी 6 वाजता मायनरचं दार उघडलं. संस्थेने दोन पाटकरी नेमले होते, 600 रुपये रोजाने, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. दोघांकडे सगळ्या कुलपांच्या किल्ल्या, एक वही, एक बॅटरी. दुसरी किल्ली अध्यक्षांकडे, तिसरी कुणाकडेही नाही.

पाणी दुपारी दोनच्या सुमाराला 10 नंबरला पोचलं. पहिलं पाणी काडी-कचरा, पालापाचोळा घेऊन येतं, त्यामुळे आउटलेटच्या तोंडाशी माणूस उभा ठेवावा. नाही तर पाइप चोंदतो आणि काठ फुटतो. चार वाजता मावशींची पाळी सुरू झाली. त्यांचा मुलगा रात्रभर दारं धरत, म्हणजे रानात पाणी फिरवत होता. सकाळी सहाला पाणी वरच्या खात्याला गेलं तेव्हा त्यांचे चारांपैकी तीनच एकर भिजले होते.

एका पाळीत एक एकर उरणं म्हणजे नुसतं ढेकळांमुळे झालेलं नाही, हे आमच्या लक्षात यायला एक दिवस जास्त लागला. आधी वाटलं रान भेगाळलंय, जास्त पितंय. दुसऱ्या खात्याचंही तसंच झालं तेव्हा मोजायला निघालो.

पाणी कुठे जातंय ते शोधणं

खात्याच्या पाटकऱ्याचं उत्तर ठाम होतं. "दादा, पट्टी तीसवर आहे. तीस म्हणजे पाच क्युसेक. आमच्याकडून पाणी पूर्ण आहे." मायनरच्या तोंडाशी पाण्याची उंची दाखवणारी पट्टी खरंच 30 सेंटिमीटरवर होती.

आमच्याकडे यंत्र नव्हतं, म्हणून तरंगत्या वस्तूने मोजलं. ही पद्धत कुणालाही जमते. चारीचा सरळ, सारख्या रुंदीचा वीस मीटरचा तुकडा निवडायचा, दोन्ही टोकांना दोरी आडवी बांधायची. संत्रं किंवा अर्धवट भरलेली लहान बाटली वरच्या दोरीच्या थोडी आधी मध्यधारेत सोडायची आणि दोरी ते दोरी सेकंद मोजायचे. पाच वेळा करून सरासरी घ्यायची. वरचं पाणी तळच्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेला वेग 0.85 ने गुणायचा. मग पाण्याची रुंदी आणि खोली तीन ठिकाणी मोजून सरासरी काढायची. वारा असेल तर सकाळी मोजावं.

8 नंबरच्या वर सरासरी रुंदी 1.20 मीटर, खोली 0.25, म्हणजे 0.30 चौरस मीटर. वीस मीटरला 68 सेकंद, वेग सेकंदाला 0.29 मीटर, 0.85 ने गुणून 0.25. गुणाकार सेकंदाला 75 लिटर, म्हणजे 2.65 क्युसेक. हवं होतं 3.5. टेलच्या तीन आउटलेटांना प्रत्येकी एक क्युसेकच्या ऐवजी साधारण पाऊण क्युसेक जात होतं. मावशींचा एक एकर तिथे राहिला होता.

आता नेमकं कुठल्या तुकड्यात कमी होतंय ते पाहायचं. 4 नंबरच्या खाली, दीड किलोमीटरवर, पुन्हा मोजलं: 3.5 क्युसेक. तिथे चाचणीच्या हिशोबाने 4.35 असायला हवं होतं. तिथून खाली दोन किलोमीटरात 3.5 चं 2.65 झालं, म्हणजे 0.85 ची गळती, आणि तेवढी ऑक्टोबरातही होती. याचा अर्थ खालचे दोन किलोमीटर निर्दोष. हरवलेलं 0.85 क्युसेक पहिल्या दीड किलोमीटरातच होतं. हे कळल्यावर रात्री चार किलोमीटर बॅटरी घेऊन फिरावं लागलं नाही. दीडच फिरलो.

पहिली गोष्ट लगेच सापडली. 2 आणि 3 नंबरच्या मध्ये काठाच्या झुडपात तीन इंची पाइप होता, चारीतून काठावरून पलीकडे उतरवलेला. त्याला आमच्याकडे डोंगळा म्हणतात. एकदा पाणी ओढून धार धरली की तो आपोआप चालतो, ना मोटार ना आवाज. तीन इंची डोंगळा सेकंदाला आठ-दहा लिटर काढतो, म्हणजे पाव क्युसेकच्या वर. डोंगळा शोधायचा तर पाण्याकडे बघून उपयोग नाही, काठाच्या बाहेरच्या अंगाची ओली माती बघावी. तो काढला. पंचनामा केला, पण संस्थेने पहिल्या वेळेला दंड न लावता त्या खात्याच्या पाळीतून तेवढे तास वजा केले. 3 नंबरच्या दारातून थोडी गळती होती, ती चिखल आणि प्लास्टिकच्या गोणीने बंद केली.

तरीही निम्म्याहून जास्त हिशोब लागत नव्हता. तो लागला मोजमापाच्या जागीच.

मायनरच्या तोंडाशी पाणी मोजायचा जो काँक्रीटचा फ्ल्यूम असतो त्याची मधली गळ्याची जागा अरुंद असते. पाणी तिथून वेगाने उतरतं आणि पुढे उसळून एक उभी लाट तयार होते. नाव म्हणूनच स्टँडिंग वेव्ह. ही लाट जिथल्या तिथे दिसत असेल तरच वरच्या पट्टीचा आकडा खरा. 22 तारखेच्या सकाळी तिथे उभे राहिलो तर लाट नव्हतीच. पाणी गळ्यातून सपाट, संथ चाललं होतं. खाली तीस मीटरवर पाणकणसाची गादी वाढली होती आणि तिच्यामागे गाळ धरला होता. सप्टेंबरात आम्ही तो तुकडा खात्याच्या हद्दीतला म्हणून सोडला होता. त्या अडथळ्याने पाणी मागे तुंबलं, फ्ल्यूम बुडाला, आणि पट्टी कमी पाण्यालाही 30 दाखवू लागली.

चार जणांनी पाण्यात उतरून दोन तासांत ती गादी कापून काढली. बघता बघता खालची पातळी उतरली, गळ्याच्या पुढे लाट उसळली आणि पट्टी 30 वरून 28 वर आली. 28 म्हणजे साडेचार क्युसेक. पट्टी आणि पाणी यांचं नातं सरळ नसतं. पट्टी एक दशांश उतरली तर पाणी सुमारे पंधरा टक्के कमी होतं, म्हणून दोन सेंटिमीटर म्हणजे अर्धा क्युसेक. आमची हरवलेली 0.85 त्यात जुळून आली: अर्धा क्युसेक फ्ल्यूमचा, बाकीचा डोंगळा आणि दार. खात्याच्या पाटकऱ्याने लाट पाहिली, वाद न घालता दार वर घेतलं आणि पट्टी पुन्हा 30 ला आणली. त्या क्षणी आमच्या जीवात जीव आला. संयुक्त नोंदवहीत दोघांनी वेळ लिहून सही केली: 22 नोव्हेंबर, सकाळी 8.

झालेली तूट कशी भरली

पाळी सुरू होऊन तोवर बरोबर 40 तास झाले होते. त्या चाळीस तासांत आउटलेटला एक क्युसेकच्या ऐवजी सुमारे 0.78 मिळालं. म्हणजे प्रत्येक तासामागे 0.22 ची तूट, एका आउटलेटला नऊ तासांच्या जवळ. ही तूट सगळ्या आउटलेटात वाटायची नाही. ज्यांच्या पाळीत ती पडली त्यांनाच द्यायची. 10 नंबरवर तीन खाती होती. मावशींना तीन तास, अडीच एकरवाल्यांना दोन, पाच एकरवाल्यांना चार. 9 आणि 8 वरही तसंच केलं. पाळी मध्येच मोडून नाही, त्या आउटलेटची सगळी खाती झाल्यावर शेवटी. मध्ये घुसवलं असतं तर पत्रकातल्या सगळ्या वेळा सरकल्या असत्या आणि मग पत्रकावर कुणी विश्वास ठेवला नसता. 10 नंबर 23 ला दुपारी 2 ऐवजी रात्री 11 ला बंद झाला. मावशींचा राहिलेला एक एकर त्या तीन तासांत भिजला.

पुढचं वेळापत्रक नऊ तासांनी लांबलं. 24 तासांची जी मोकळीक ठेवली होती त्यात ते बसलं.

मधल्या आउटलेटांवर फारसं काही घडलं नाही. हेडला रात्रीचा प्रश्न आला. बिबट्याच्या भीतीने दोन रात्री काही जणांनी दारं सोडून दिली, पाणी ओढ्याला गेलं. रात्री कुणी पाणी घ्यायला नसेल तर ते टेलला जातं असं पूर्वी मानायचे. आमच्या अनुभवात ते खरं नाही. खाली कुणी दार धरून बसलेलं नसतं, त्यामुळे ते पोटचारी फोडून नाल्याला मिळतं. म्हणून नियम केला: पाळीदार हजर नसेल तर पाटकरी दार बंद करतो, पंधरा मिनिटं वाट बघतो, आणि पुढच्या पाळीदाराला बोलावतो. बुडालेला वेळ परत मिळत नाही. त्याच वेळी रात्रीला दोन माणसांची जोडी करायला सांगितलं, शेजारच्या पाळीदाराने सोबत बसायचं आणि आपल्या पाळीला त्याला बसवायचं. शेवटचा आउटलेट 30 नोव्हेंबरच्या उशिरा संध्याकाळी संपला आणि मायनर 1 डिसेंबरला सकाळी 6 ला बंद झाली.

पैसे आणि दुसरं आवर्तन

पाटकऱ्यांचे अकरा दिवसांचे 13,200. आधीचे 16,800, 12,000 आणि 3,500 मिळवून 45,500. एकरी 190 रुपये, पाणीपट्टी वेगळी. यातलं साफसफाईचं बहुतेक वर्षातून एकदाच लागतं. दुसऱ्या आवर्तनाला पाटकऱ्यांचेच पैसे लागले, एकरी 55.

दुसरं आवर्तन 17 डिसेंबरला संध्याकाळी 6 वाजता घेतलं, मुद्दाम. पाळ्या 18 ला पहाटे 4 ला सुरू झाल्या. पहिल्या वेळेला ज्याला रात्र आली त्याला आता दिवस. मावशींची पाळी पहाटे 4 ते संध्याकाळी 6 आली. क्रम तोच, टेलपासून हेड, फक्त घड्याळ बारा तासांनी फिरवलं. वारबंदीतही दिवस-रात्र अशीच बारा तासांनी बदलतात, तिकडे वर्षाला एकदा. आम्हाला वर्षभर थांबवेना.

या वेळी पाणी सोडण्याआधी आदल्या दिवशी फ्ल्यूमच्या खालचे पन्नास मीटर साफ करून घेतले आणि पट्टीचा शून्य तपासला. गळ्याच्या उंबऱ्यावर गाळाचा थर बसला तरी पट्टी चुकते. उंबरा पुसून, फूटपट्टी उंबऱ्यावर उभी धरून पट्टीच्या शून्याशी पातळी जुळते का ते बघायचं. पाटकऱ्याच्या वहीत आता दिवसातून तीनदा तीन गोष्टी लिहिल्या जातात: पट्टी किती, लाट दिसते का, 8 नंबरच्या वर खुणेच्या खुंटीवर पाणी किती. त्या खुंटीवर आम्ही 3.5 क्युसेकला लाल रंगाची रेघ मारली आहे. रेघेच्या खाली दोन बोटं पाणी गेलं की फोन करायचा, पाळी संपायची वाट बघायची नाही.

18 ला दुपारी 12 वाजता पाणी रेघेवर होतं, 19 ला आणि 20 लाही. मावशींचे चारही एकर पाळीच्या आत, संध्याकाळी साडेपाचला भिजून झाले. उरलेला अर्धा तास त्यांनी स्वतःहून वरच्या खात्याला सोडला आणि पाटकऱ्याने तो वहीत नोंदवला.